झेंडू, धारणी आणि उलटी बस

धारणीले पोचलो. आता रेंज जाईन.

लग्न ठरल्या दिवशीच हाय. समदा झेंडू तोडा, शनिवारी दुपारच्या गाडीवर टाका.

परतवाड्यात चहा घेतला. साखरच नाही टाकली मेल्यानं.

निघालो आमी धारणीले.

तोडू नका. लग्न पुढं जाईन म्हणतात.

सगळ्यांवर तारीख एकच. आजची.

*

अमरावतीच्या राजापेठेत माणिकबाईंचं फुलांचं दुकान. किसनरावांचा मळा अकोल्याबाहेर. दोघांत एक नियम पक्का होता: माणिकबाईंचा शेवटचा मेसेज खरा, आधीचे सगळे रद्द. त्यामुळे किसनराव मेसेज वाचला की पुसून टाकत. घोळ नको.

मग मंगळवारी फोन हौदात पडला. रेंज होती, घंटी वाजायची, पण स्क्रीन काळी. आलेलं वाचता येईना.

आज, शनिवारी सकाळी, अकोल्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या नागसेनने जुन्या फोनला दुकानातला एक डिस्प्ले तात्पुरता लावला, मेसेजचा बॅकअप घेतला आणि नव्या फोनवर उतरवला. डिस्प्ले काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसवला.

किसनराव बांधावर उभे राहून शेवटचा मेसेज वाचत होते. शेवटचा, म्हणजे खरा.

"तोडू नका म्हणते. जा बायांनो घरी."

*

"घरी जा म्हंजे?" किसनरावांच्या बायकोने, गंगूबाईंनी, टोपली खाली आदळली. "उद्या लग्न हाय अन् फुलं झाडावर?"

"लग्न पुढं गेलं."

"तुमाले कोणी सांगतलं? नवऱ्या पोरानं?"

"माणिकबाईनं. वाच."

"मले चष्मा नाही. अन् तुमाले अक्कल नाही. फोन लावा तिले."

लावला. फोन रेंजबाहेर. दुकानाला कुलूप, बाई एकटीच सांभाळते आणि ती लग्नाचा मंडप सजवायला मेळघाटात धारणीला गेलेली. तोडणाऱ्या बाया डबे बांधून बांधाने निघाल्याही. न तोडता लग्न झालं, तर मंडप उघडा आणि इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. तोडून लग्न पुढं गेलं, तर अख्खा झेंडू टोपल्यांत काळा पडणार. धारणीची गाडी दुपारी.

*

गीतांजलीने वडिलांच्या हातून फोन घेतला. लिंबाखाली बसून तिने पहिल्यापासून वाचलं. मग पुन्हा.

"बाबा, माणिकमावशी धारणीले आधी पोचते, मग परतवाड्यात चहा पिते, मग घरून निघते. बस उलटी चालून राहिली काय?"

"मेळघाटात रस्ताच तसा हाय."

"मस्करी नको. मेसेज उलटे लागले हायत. तुमी ज्याले शेवटचा म्हणता, तो पहिला हाय."

किसनरावांनी फोनकडे असं पाहिलं, जसं घरात कोणी अनोळखी माणूस येऊन बसला आहे.

"पक्कं काय?"

पक्कं नव्हतं. तिने नागसेनला फोन लावला.

"नागसेनभाऊ, सगळ्यांवर आजची तारीख हाय."

"अरे बाप रे. मी पाहिलंच नाही, ताई. त्या ॲपनं उतरवतानाची वेळच मिळाल्याची वेळ म्हणून टाकली असन. अन् फाइलीत नवीन मेसेज आधी असतीन, म्हणून तेच आधी उतरले. एक करा, एक मेसेज दाबून धरा. वरती तपशील येईन. तिथं पाठवल्याची वेळ अलग असते, ती जुनी राहिली असन तर..."

गीतांजलीने दाबून धरलं. मिळाला: आज. पाठवला: बुधवार, सकाळ. तो 'तोडू नका'चा होता.

'समदा झेंडू तोडा' काढला. पाठवला: गुरुवार.

"बाबा! तोडा!"

"माफ करजा, काका," फोनमधून आवाज आला. "चूक माझी झाली."

"अरे, तू नसता तर हे बी दिसलं नसतं," किसनराव म्हणाले आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून तसेच बायांच्या मागे पळाले.

*

बाया परत फिरल्या. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या शकुनबाई म्हणाल्या, "तुमच्या फोनले बी एकदा घरी पाठवा, दादा." सगळ्या हसल्या आणि वाकल्या. जेवण झाडाखाली तसंच राहिलं. बोटं पिवळी झाली, कंबरा दुखल्या. गाडी आली तेव्हा शेवटची टोपली वाहकाने स्वतः वर घेतली.

*

रविवारी संध्याकाळी धारणीहून, लग्नघरच्या लँडलाइनवरून फोन आला. मागे सनई वाजत होती.

"हॅलो? माणिकबाई?"

"आयकून घ्या आधी," त्या म्हणाल्या. "मंडप पाहून सगळे विचारून राहिले, झेंडू कुठला. मी सांगतलं, आमच्या घरचा."

किसनरावांनी फोन गंगूबाईंना दिला. गंगूबाईंनी तो गीतांजलीकडे दिला.

*

जूनमध्ये ही रोपं लावली, तेव्हा माणिकबाई राजापेठेहून आल्या होत्या आणि त्यांनी एक अख्खी सरी स्वतःच्या हाताने लावली होती.