भवानीच्या आधी

एकतीस पत्रं गेली होती. सत्तावीसांवर होकाराची सही आली. उरलेल्या चारांवर पेनाने गिरवून तेच दोन शब्द लिहिले होते, परवानगी नाही. कारण कुणीच दिलं नव्हतं. कारण लिहायला क्रांतीने पत्रात जागाही ठेवली नव्हती, हे तिच्या आता लक्षात आलं.

सहामाहीच्या परीक्षेचे पेपर, नव्या ॲपवरची हजेरी, पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजणं, या सगळ्यातून वेळ काढून तिने ते पत्र तयार केलं होतं. उंब्रजच्या आठवडी बाजाराला क्षेत्रभेट. माणशी चाळीस रुपये वर्गणी, त्यातले वीस एसटीचे जाण्या-येण्याचे अर्ध्या तिकिटाचे आणि वीस खाऊचे. सकाळी सव्वानऊला बाजारात पोचायचं, कारण तेव्हा गर्दी नसते आणि पोरं हरवत नाहीत. पत्राच्या मागच्या बाजूला मुलांनी विक्रेत्यांना विचारायचे सहा प्रश्न. माल कुठून आणता? किती रुपयांना घेता, किती रुपयांना विकता? वगैरे. शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना होती. मुलांनी बाजारात कोणतीही खरेदी करू नये.

"मॅडम, चार पोरं राहिली म्हणजे सहल राहिली," मुख्याध्यापक नानासो सर म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि ते प्रत्येक वाक्य खुर्चीला टेकूनच बोलत. "चार पोरांसाठी शाळा उघडी ठेवायची, म्हणजे आपल्यातला एक जण इथं थांबणार. दुसऱ्याने एकट्याने सत्तावीस पोरं एसटीत घालायची? केंद्रप्रमुख माझी पेन्शन खातील."

शाळा द्विशिक्षकी होती, म्हणून हिशोब सरळ होता. सगळे जातील, नाहीतर कुणीच नाही.

"त्यांना घरीच राहा म्हणावं का एक दिवस?"

"पत्रावर लिहून देता का तसं?" सरांनी विचारलं.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिने डीएड केलं होतं आणि सवय अजून प्रयोगशाळेतली होती. चार नकार आले, तर चारांत समान काय ते बघायचं. तिने नावं एका खाली एक लिहिली. चौथीतली तहरीम, दुसरीतला बनुबाईचा नातू आणि पहिली-तिसरीतली दोन भावंडं. समान काय, तर परिस्थिती बेताची. उत्तर मिळालं असं तिला वाटलं.

म्हणून तिने त्या चौघांच्याच घरी दुसरं पत्र पाठवलं. 'ज्यांना अडचण असेल त्यांनी वर्गणी देऊ नये, शाळा व्यवस्था करील.' शाळा म्हणजे ती स्वतःच, पण तसं लिहायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तहरीमने वहीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत चाळीस रुपये होते, दहाच्या चार कोऱ्या नोटा. पत्रही होतं. त्यावर तेच, परवानगी नाही.

"अगं, मग पैसे कशाला दिले अम्मीने?"

"अम्मी म्हणाली, बाईंना दे आन सांग, आमाला अडचण न्हाई." तहरीम टेबलाचा कोपरा नखाने खरवडत होती. सहलीचं कळल्यापासून तिने सहाही प्रश्न पाठ केले होते आणि मधल्या सुट्टीत ती नळाला, झाडाला, कुणालाही ते विचारत असे. "बाई, मी न्हाई आले तर समदेच न्हाई जाणार व्हय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"जयराज म्हणतोय. तुझ्यामुळं आमी ऱ्हाणार म्हणतोय. डबा खायला बी बसवंना मला कुणी."

क्रांतीने डोळे मिटून घेतले. पाच वाजेपर्यंत तिला दोन माहित्या ऑनलाइन भरायच्या होत्या, आणि नेटवर्क फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ यायचं. त्या तिने भरल्या आणि मग घराकडे न वळता खालच्या आळीला गेली.

तहरीमची आई नूरजहां अंगणात पोत्यावर लसूण निवडत बसली होती. मोठे गड्डे एकीकडे, सुट्या पाकळ्या दुसरीकडे. बाई दिसल्याबरोबर तिने पदर सावरला आणि प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे केली.

"बसा बाई. च्या टाकू?"

"नको. तहरीमचं विचारायला आले. गाडी लागते का तिला?"

"न्हाई."

"मी नीट सांभाळीन. नानासो सरही आहेत बरोबर."

"ते ठावं हाय की मला." नूरजहां लसणाकडेच बघत होती. "पैसं पोचलं न्हवं?"

"पोचले. तेच कळेना मला. पैसे येतात आणि पोरगी येत नाही."

नूरजहांच्या ओठाच्या कडेला हसू आलं आणि गेलं. तिने पहिल्या पत्राची घरी ठेवलेली प्रत पोत्याखालून काढली आणि उलटी करून क्रांतीसमोर धरली. सहा प्रश्नांची बाजू.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"आन हे खालचं? काय बी घ्यायचं न्हाई, हे?"

"तेही मीच. मुलं पैसे हरवतात म्हणून."

"बाई, तुमी सव्वानवाला येणार. तवा आमी बाजारात माल मांडत असतोय. भवानी झालेली नसती." मग ती पोराला समजवावं तसं म्हणाली, "पयलं गिऱ्हाईक. त्यानं हातावर पैसा टेकवल्याबिगर आमी पाणी बी पीत न्हाई. आन त्या टायमाला तुमची एकतीस पोरं येणार. भाव विचारणार. कितीला घेतला म्हून विचारणार. ते तर आमी सख्ख्या भावाला सांगत न्हाई. आन काय बी न घेता फुडं जाणार. एकतीस जणं! एका माणसानं तसं केलं तरी दिस वाया जातोय."

क्रांतीच्या ओठांवर प्रश्न आला होता, असं खरंच किती वेळा झालंय, कधी मोजलंय का? नूरजहांने तो ओळखला असावा.

"तुमी मोजा बाई. बसायचं मला असतंय."

मग क्रांतीला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की तिला स्वतःचाच कंटाळा आला. "बनुबाई पण बाजारात बसतात?"

"माज्या शेजारीच. मेथी, कोथमीर. आन त्या दोन भावंडांची आई वांगी घिऊन असती." नूरजहांने एक सडका गड्डा उकिरड्याकडे फेकला. "पोरं आली तर मी काय करीन ठावं हाय? उठा, व्हा फुडं, म्हणीन. तोंडातनं जाईलच माज्या. आन त्यात माजी पोरगी असंल. तिच्या वर्गाला तिच्या आईनं हाकललेलं तिनं बघावं व्हय? त्यापरीस घरी ऱ्हाऊ दे."

दारातून तहरीम बघत होती. आईने मागे न वळताच म्हटलं, "अभ्यास कर गं."

क्रांती मनात एसटीच्या वेळा जुळवत राहिली. शेवटी चहा आलाच. उशिरा यावं का, अकराच्या पुढे? पण सकाळच्या एसटीनंतरची गाडी पोचते साडेअकराला, आणि परतायची गाडी साडेबाराची. तासाभरात एकतीस पोरं, भर गर्दीत. जमणार नव्हतं.

"आणि पोरांनीच भवानी केली तर?" तिने विचारलं. "खाऊचे वीस रुपये आहेत प्रत्येकाचे. खाऊ नाही देत. वीस रुपये हातात देते. आधी खरेदी, मग प्रश्न."

नूरजहांचे हात थांबले.

"आन कितीला घेतला, ते?"

"तो प्रश्न काढून टाकते."

"सगळा नगं काढू. कोणत्या गावचा माल, कवा निघाला घरनं, ते विचारा की. सांगू आमी." ती पुन्हा लसणाकडे वळली. "पर पयला पैसा तहरीमच्या हातनं नगं. घरचा पैसा घरात आला, तर ती भवानी न्हवं. दुसऱ्या कुणाला तरी लावा फुडं."

ते क्रांतीने तळहातावर लिहून घेतलं.

तिसरं पत्र बघून नानासो सरांनी चष्मा काढला. "मॅडम, मंजुरीच्या प्रस्तावात खरेदी करणार नाही असं लिहिलंय. आता परत केंद्रप्रमुख. आणि लसणाची पावती कोण देणार?"

"मुलं वहीत लिहितील, सर. कुणी काय घेतलं ते."

"एकतीस वह्या जोडायच्या होय फाईलला?" ते म्हणाले, पण सही केली. सही करताना पुटपुटले, "माझी आई बाजारात अंडी विकायची. मला तरी सुचायला पाहिजे होतं."

नव्या पत्रावर सगळ्यांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या. सत्तावीस घरी पुन्हा तेच. जयराजचे वडील सैन्यात, जम्मूला. आई मनुबाई म्हणाली, "आवं, मालकांनी मागल्या येळंला फोनवर अंगठा पाठवला की! आता आनी कशाला?" तिला कागदावर सही करायला लावेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. ती चार पत्रं मात्र पहिल्याच दिवशी आली. चारही होकाराची.

बाजारच्या दिवशी सव्वानऊला एकतीस पोरं उंब्रजला उतरली. प्रत्येकाच्या मुठीत विसाची नोट, घामाने मऊ झालेली. क्रांतीने त्यांच्या तिघींसमोर तीन रांगा केल्या आणि ठरल्याप्रमाणे तहरीमला आईसमोरच्या रांगेत सगळ्यात मागे उभं केलं. पुढे जयराज.

जयराजने लसणाचा गड्डा उचलला, हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कसा दिला?"

"तुला कसा पायजे?"

"विसाला पाव किलो द्या."

"आरं, पाव किलो व्हय? चोरीचा हाय का माल?" नूरजहां ओरडली आणि क्रांती मध्ये पडायला पुढे सरकली. पण नूरजहां तराजू उचलत होती. "भवानीला न्हाई म्हणता येत न्हाई, हे घरनं शिकून आलाईस बघ. कुणाचा रं तू? मनुबाईचा? तरीच."

पाव किलो झाला. नोट तिने कपाळाला लावली, डोळ्यांना लावली आणि पिशवीत टाकली. मग पाण्याची बाटली उघडून दोन घोट प्यायली. पलीकडे बनुबाईही कपाळाला नोट लावत होती.

रांग पुढे सरकत गेली. मागच्यांना पाव किलो मिळाला नाही, त्यावरून भांडणं झाली. क्रांती एका रिकाम्या क्रेटवर टेकली. पाय दुखत होते, परतीच्या एसटीला अजून बराच वेळ होता, आणि उद्या ही एकतीस पानं तपासून फाईलला लावायची होती. तिने पुन्हा एकदा डोकी मोजली. एकतीस.

शेवटी तहरीम आईसमोर आली. तिने नोट दिली, लसूण घेतला, पिशवीत नीट ठेवला. मग कागद उघडला, तो तिला लागत नव्हता तरी, आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "आपण घरून किती वाजता निघता?"

नूरजहांने मुलीकडे बघितलं. ती बाजाराला निघायची तेव्हा पोरगी झोपलेली असायची.

"पाच वाजता," ती म्हणाली. "लिवा, ताई."

तहरीमने लिहिलं.