नाल्याचा चढ-उतार

प्रांत कार्यालयाच्या सभागृहात प्रतिभा शिरली, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "आली बघा भोंगेवाली."

पाटबंधारे खात्याची ती कनिष्ठ अभियंता. खडकी नाल्यावरची पाणीपातळी मोजणारी चौकी तिच्याकडे होती, आणि तिथूनच खालच्या मळ्यांसाठी भोंगा वाजे. जुन्या नियमानं मुसळधार पावसानंतर पूर यायला चार तास लागत. गेल्या महिन्यात पाणी दीड तासात आलं. भोंगा उशिरा वाजला, तोवर झेंडूच्या मळ्यातली सगुणाबाई पाण्याची मोटर काढायला नाल्यात उतरलेली होती. तिचं प्रेत दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेलं सापडलं.

तिचा नवरा सावळीराम पुढच्याच बाकावर बसला होता. प्रतिभानं नमस्कार केला. त्यानं तोंड फिरवलं.

सुनावणी मात्र भोंग्याची नव्हती. मळेवाल्यांनी नाल्याकाठी दगडी बांध घालून पात्र अरुंद केलं, म्हणून पाणी तुंबलं, असा आरोप होता. बांध पाडायची नोटीस निघाली होती. आरोप केला होता वरच्या माळावर वसाहती उभारणाऱ्या बिल्डरनं. त्याचा सल्लागार महेश समोर बसून पेन फिरवत होता.

"पाऊस अस्मानी होता," महेश म्हणाला. "आणि त्यात या लोकांनी नाल्याचा गळा आवळला. मेलेल्या बाईबद्दल वाईट वाटतं, पण दोष घरचाच आहे."

सावळीराम उठला. दोघांनी त्याला खांदे धरून खाली बसवलं.

प्रांताधिकारी बुद्धभूषण साळवे यांनी प्रतिभाकडे बघितलं. तिनं पडद्यावर दोन आलेख लावले. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याची. वरून लोंबणारे खांब म्हणजे पाऊस.

"हा नऊ वर्षांपूर्वीचा, हा गेल्या महिन्यातला," ती म्हणाली. "पावसाचे खांब बघा. पाऊस जवळजवळ तेवढाच, तेवढ्याच वेळात. अस्मानी म्हणायचा तर तेव्हाही म्हणायला हवा होता."

"तेवढाच पाऊस, तर मग पाणी वाढलं कसं?" महेश हसला. "तुमच्याच रेघेखालचं क्षेत्रफळ आता जास्त आहे. म्हणजे एकूण पाणीच जास्त वाहिलं. पाऊस मोजायला चुकलात, कबूल करा."

"चुकले नाही. तेव्हा माळावर गवत होतं, शेतं होती. निम्म्याहून जास्त पाणी जमिनीत मुरलं. आज तिथे छपरं, डांबर आणि फरशी आहे. ते पाणी मुरत नाही, गटारांतून सरळ नाल्यात पडतं. म्हणून वाहिलेलं पाणी वाढलं, आणि ते आलंही एकदम. पूर्वीचा माथा तीस घनमीटर, आताचा नव्वद. पावसाचा जोर आणि पुराचा माथा यांच्यात पूर्वी चार तास होते. आता दीड."

"आणि बांधांचं काय? त्यावर बोला!" महेशचा आवाज चढला.

"त्याच्यावरच येते. चौकी मळ्यांच्या लगेच वर आहे. खाली गळा आवळला असता, तर पाणी चौकीपर्यंत तुंबून राहिलं असतं, उतरायला दिवस लागला असता. इथे उतरती बाजू बघा. चढली तशीच कड्यासारखी पडलीय. पाणी कुठेच थांबलं नाही, साहेब. ते वरून आलं आणि सुसाट गेलं."

महेशनं पेन बंद केलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पेठला बदली झाली की डोंगरातले नाले मोजत बसाल."

"तिथले नाले अजून खरं बोलतात," प्रतिभा म्हणाली. धमकी पोकळ नाही, हे तिला ठाऊक होतं.

साळवेंनी बांधांची नोटीस रद्द केली. वरच्या माळावर पाणी अडवून सावकाश सोडणारी तळी झाल्याशिवाय नव्या वसाहतीला परवानगी नाही, असं लिहून घेतलं. महेश ताडकन उठून गेला. अपिलाचं काहीतरी बोलत होता.

बाहेर जिन्यावर सावळीराम तिची वाट अडवून उभा राहिला. तिला वाटलं, आभार मानेल.

"हे सारं तुमाला म्हाईत व्हतं?"

"आलेख पुरानंतर काढला, काका. मी या चौकीवर यंदाच आले."

"पर घरं तर नऊ वरसांपासून व्हत व्हती. समद्यांच्या डोळ्यांदेखत. कुनी भोंगा बदलला नाय."

ती कोणत्या खात्याची होती ते त्याला पुरेसं होतं.

"आता किती येळ मिळंल?" त्यानं विचारलं.

"पावसाचा जोर झाल्यावर दीड तास. भोंगा आता पाऊस वाढतानाच वाजेल, पाणी चढायची वाट बघणार नाही. वर आणखी काँक्रीट पडलं तर वेळ अजून कमी होईल."

"बांध वाचला म्हनून हात जोडनार नाय मी," तो म्हणाला. "बांध माझाच व्हता, तुमी दिलेला नाय."

तो जिना उतरून गेला. मागच्या रांगेतली माणसं तिच्या अंगावरून त्याच्या मागे गेली.