पोकळ टिंब, भरीव टिंब

२०१८ साल. मी निवृत्त झाले होते, तरी राजाजीनगरच्या आमच्या शाळेत पेपर तपासण्यात काही वाद निघाला की मला बोलावणं यायचं. त्या दिवशी रविकिरण सरांनी बोलावलं. ते इकडे कानडी मुलखात रुळलेल्या आमच्याच जुन्या मराठी घरांतले, कधीकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारे.

"अक्का, हे बघा," म्हणत त्यांनी दोन पेपर पुढे सरकवले. "कॉपी आहे. संहिता आणि प्रणीत. मागेपुढे बसले होते."

आंतरशालेय गणित स्पर्धेसाठी मुलं निवडायची चाचणी होती. संयुक्त असमानता सोडवून उत्तर संख्यारेषेवर दाखवायचं. हा धडा वर्गात अजून झालाच नव्हता. पुढचं कोण वाचून येतं ते सरांना पाहायचं होतं.

पहिला प्रश्न 'x < −1 किंवा x ≥ 4'. दोघांनी −१ च्या डावीकडचा आणि ४ च्या उजवीकडचा भाग रंगवला होता, अगदी बरोबर. दुसरा '−3 < x आणि x ≤ 2'. तिथे फक्त मधला तुकडा, तोही बरोबर. पण टोकं? जिथे संख्या धरायची नाही तिथे भरीव टिंब, जिथे धरायची तिथे पोकळ. दोन्ही पेपरांत, प्रत्येक रेषेवर, सगळी उलटी.

"एखादं चुकलं तर समजू शकतो," सर म्हणाले. "ओळीनं सगळी? आणि विचारलं तर म्हणतात, एकमेकांशी बोलतसुद्धा नाही! उद्या घरच्यांना बोलावतो. संहिताचं नाव संघातून गेलं म्हणून समजा."

मलाही संशय आला. संहिताला मी बोलावलं. दोन वर्षं ती या संघासाठी झुरत होती.

"प्रणीतला ओळखतेस?"

"वर्गात आहे, मिस." नजर जमिनीवर.

"बाहेर कधी भेटता?"

"नाही." फार लवकर आलं ते उत्तर. खोटं बोलते आहे, हे मला तिथेच कळलं. प्रणीत पुण्याहून आलेला, बोलका मुलगा. त्यानेही याच प्रश्नाला 'नाही' एवढंच म्हटलं.

मग मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि नवा प्रश्न दिला: 'x ≥ −2 आणि x < 5'. पुन्हा तेच. −२ वर पोकळ, ५ वर भरीव. आता कोण कुणाचं बघणार होतं?

"संहिता, x ला −२ चालेल?"

"चालेल. 'किंवा बरोबर' आहे ना."

"मग टिंब पोकळ का?"

"पोकळ कुठे, मिस? आतून पांढरं आहे की! पांढरं म्हणजे आत धरलेलं."

मी तिचा कागद पुन्हा पाहिला. मग तिला जुन्या प्रयोगशाळेत नेलं. शाळेत काळा फळा तेवढा तिथेच उरला होता, बाकी सगळीकडे पांढरे. हातात खडू दिला. तिने −२ वर खडू घासून टिंब भरलं, ५ वर नुसतं कडं काढलं. बिनचूक.

आमच्या वेळी फळा काळा आणि पाटीही काळी. फळ्यावरचं पांढरं पाटीवर पांढरंच उतरायचं. या पोरांनी पांढरं लक्षात ठेवलं आणि पांढऱ्या कागदावर उतरवलं.

"काळ्या फळ्यावर कोण शिकवतं गं तुला?"

तिचे डोळे भरले. "सरांना सांगू नका. अंबूबाई आजी. प्रणीतपण येतो. सर म्हणाले होते, ट्यूशनला जाणाऱ्यानं माझ्या वर्गात बसू नये."

अंबूबाई माझी जुनी सहकारी. बंद पडलेल्या शाळेतला फळा तिने परसात टांगला होता. मुलं वहीत काय उतरवतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं; उतारवयात मोतीबिंदूमुळे तिला वहीच दिसेना.

तिची समजूत घालून, तिच्यादेखतच मी रविकिरण सरांना सगळं सांगितलं. त्यांनी संहिताची रेषा पुन्हा पाहिली. "मी असं म्हणालो होतो?"

"म्हणालात, सर," संहिता हळूच म्हणाली.

"स्वल्प रागात असेन." मग पेन उचलून म्हणाले, "सरी, ठीक आहे. कॉपी नाही. पण टिंबांचे गुण कापणार."

त्यांनी कापले. तरीही संहिता संघात शेवटच्या जागी बसली. प्रणीत थोडक्यात राहिला आणि आठवडाभर तिच्याशी खरोखरच बोलला नाही.

संघ दुसऱ्या फेरीत हरला. संहिता आता संख्याशास्त्र शिकते. प्रणीतच्या वडिलांची बदली झाली, तो पुण्याला परतला. दिवाळीला मला शुभेच्छा पाठवतो, शेवटी एक भरीव टिंब काढून. अंबूबाईने डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, फळ्याशेजारी पांढरा कागद डकवला आणि देवाघरी जाईपर्यंत प्रत्येक रेषा दोन्हीकडे काढून दाखवली. तो फळा आता माझ्या गच्चीवर आहे. रविकिरण सर येलहंकाच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. तिथे ते पहिल्याच दिवशी मुलांना विचारतात म्हणे, ट्यूशनला कोण जातं, आणि हात वर झाले की रागावत नाहीत. मला अजून थोडी शंकाच आहे.