तुम्हीच सांगा

ताईंनी बावीस वर्षं दुकानात वॉशिंग मशीन विकली, आणि त्या बावीस वर्षांत एकही गिऱ्हाईक त्यांच्या काउंटरवरून रिकाम्या हाताने गेलं नाही, असं त्या स्वतःच सांगत. थोडं मीठमसाल्याचं सोडून दिलं, तर ते खरंही होतं. दुकान बंद पडल्यावर एका ऑनलाइन दुकानाने त्यांना बोलावून घेतलं, ते याच कीर्तीवर. तिथे गिऱ्हाइकांशी लिहून बोलणारा एक चॅटबॉट तयार होत होता. नाव 'सोबती'. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, याचे नमुने ताईंनी लिहून द्यायचे होते.

ताईंनी चाळीस संभाषणं लिहून दिली. ती सोबतीला सूचनांबरोबर वाचायला दिली आणि तो त्याच वळणावर बोलू लागला. पहिल्यांदा त्याचं बोलणं पडद्यावर वाचलं तेव्हा ताईंच्या अंगावर काटा आला. तीच आर्जवं, तसंच हळूच थांबणं, "घाई नाही, सावकाश सांगा" हेसुद्धा त्यांचंच! स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या घशातून ऐकल्यासारखं झालं त्यांना.

दुकानाचा नियम स्वच्छ होता. सोबतीने आधी गरज विचारायची, मग भागेल तेवढंच सुचवायचं. महागडं कुणाच्या गळ्यात मारायचं नाही. सोबती बनवणाऱ्या प्रोग्रामर मुलीला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने तर नफ्याचा रकाना सोबतीला दाखवलाच नव्हता. माप, जागा, पाणी, किंमत, जुन्या-नव्या मशीनच्या पुस्तिका, माल शिल्लक आहे की नाही, एवढंच त्याच्यापुढे.

"ज्याला नफाच दिसत नाही, तो लबाडी करेल कशाला?" ती म्हणायची.

शुक्रवारी सोबती सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. गुरुवारी दुपारी शेवटची तपासणी चालली होती, जोड्यांची. एका जोडीत दोन बनावट गिऱ्हाइकं. घर तेच, गरज तीच, हातातले पैसे तेवढेच, फक्त बोलण्याची तऱ्हा वेगळी. सोबती दर वेळी थोडं वेगळं बोलतो, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक वीस वीसदा पाठवायचं.

एका जोडीतल्या पहिल्याने लिहिलं, "आम्ही दोघंच. आठवड्याला तीनदा धुणं. बाथरूम लहान. सहा किलोचं पुरेल ना?" विसाच्या वीस वेळा सोबतीने लहान मशीन दाखवलं. दुसऱ्याने अक्षरशः तेच सांगितलं, फक्त सहा किलोचं विचारायच्या ऐवजी शेवटी लिहिलं, "मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा." विसातून सतरा वेळा सोबती म्हणाला, "पुढेमागे पाहुणे येतील. एकदाच काय ते चांगलं घ्या." आणि नऊ किलोचं, गरम पाण्याचं मशीन पुढे केलं.

"हे कुठून आलं?" चष्मेवाली कोडमध्ये डोकं घालून बसली. चहा आला, गार झाला.

ताईंना मात्र ते वाक्य बघताच कळलं होतं. त्यांनी आपली चाळीस संभाषणं उघडली. नऊ संभाषणांत गिऱ्हाईक म्हणत होतं, "तुम्हीच सांगा." नऊच्या नऊ संभाषणं मोठ्या मशीनवर संपत होती. लिहिताना त्यांना याचा पत्ताही नव्हता. काउंटरवर कुणी असं म्हणालं, की ते आयतं ताटात वाढलेलं. हात आपोआप मोठ्या मशीनकडे वळायचा.

आणि मग अक्का आठवली. थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी काउंटरसमोर उभी राहून म्हणाली होती, "धाकटे, मला काय कळतंय, तूच सांग." धाकटीने दुकानातलं सगळ्यात मोठं मशीन दिलं, आणि बहिणीला चांगलं दिलं म्हणून मिरवलं. ते मशीन आज अक्काच्या बाथरूममध्ये फुलाफुलांचं कापड पांघरून उभं आहे. दोन माणसांच्या कपड्यांत ते भरत नाही, आणि टाकीभर पाणी वाया घालवायचं अक्काच्या जिवावर येतं. ती बादलीत धुते. मनगटं दुखतात, तरी धुते. सोबतीने आपली ही खोड एका दुपारी ओळखली, आपल्याला ती अकरा वर्षांत कळली नाही, याची ताईंना लाज वाटली. आणि त्या लाजेहून मोठा होता तो अचंबा. आपण न लिहिलेलं, आपल्याला ठाऊकही नसलेलं, त्याने नेमकं उचललं होतं.

"माझ्यामुळे आहे हे," त्या म्हणाल्या.

चष्मेवालीने नऊ संभाषणं वाचली आणि चष्मा काढून पुसला. "एक नियम ठोकू? 'तुम्हीच सांगा' आलं, की लहानच मशीन दाखवायचं?"

"म्हणजे दहा माणसांच्या घरालाही लहानच? छे. आपण विचारत नाही, हे दुखणं आहे. विचारायला शिकव त्याला."

दोघी विक्रीप्रमुखांकडे गेल्या. ताईंनी काहीही न लपवता सांगितलं. नोकरी जाणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"अहो ताई, याच हातखंड्यासाठी तर तुम्हाला घेतलं!" विक्रीप्रमुख कपाळाला हात लावत म्हणाले.

"हो ना साहेब. पण मी दिवसाला फार तर पंधरा माणसांशी बोलायचे. हा एका दुपारी हजारांशी बोलेल. भरवसा टाकणाऱ्या प्रत्येकाला हा माझ्या हाताने फसवेल."

विक्रीप्रमुखांनी कॅलेंडरवरचा शुक्रवार खोडला. "सोमवारी खुला करू," ते म्हणाले. "आणि नमुने तुम्हीच लिहा. चोराची वाट तुम्हाला ठाऊक आहे."

ताई हसल्या, पण डोळे भरून आले होते.

नऊच्या नऊ संभाषणं त्यांनी नव्याने लिहिली. कुठे लहान मशीन, कुठे खरंच मोठं, कुठे नुसतं कपडे पिळायचं मशीन. बोलणं काहीही असो, आधी प्रश्न. घरात माणसं किती? धुणं कोण करतं? जागा किती? आणि दोन मशीन सारखंच काम देत असतील, तर स्वस्त आधी. सोमवारी सकाळी जोड्या पुन्हा लावल्या. वीस आणि वीस. दोन्हीकडे लहानच. दुसऱ्या सगळ्या जोड्याही जुळल्या.

"झालं!" चष्मेवालीने टाळी मागितली.

"थांब. एक माझं." ताईंनी अक्काच्या वतीने टाइप केलं. "माझ्याकडे मोठं मशीन आहे. आम्ही दोघं. वापरत नाही. नवीन लहान घेऊ का? मला काही कळत नाही, तुम्हीच सांगा."

सोबतीने लिहिलं, "सांगतो. आधी हे कळू द्या, ते वापरावंसं का वाटत नाही?"

हा प्रश्न अक्काला कुणी कधी विचारलाच नव्हता. अक्का येताजाता कुरकुरायची, तेच त्यांनी लिहिलं, "दोन कपड्यांना टाकीभर पाणी लागतं." सोबतीने मॉडेल नंबर मागितला. तो ताईंना तोंडपाठ होता. सोबतीने त्या मॉडेलची पुस्तिका शोधली.

"या मशीनला पाण्याची पातळी ठरवायचं बटण आहे, डावीकडून तिसरं. सगळ्यात खालची पातळी ठेवली, तर थोडे कपडेही कमी पाण्यात धुता येतात. आधी ते करून बघा. आज तुम्हाला काहीही विकत घ्यायची गरज दिसत नाही."

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवणारं दुकान ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. असली बटणं त्यांनी बावीस वर्षं रोज पुसली होती.

त्यांनी फोन लावला. "अक्का, मशीनवरचं कापड काढ. कपडे टाक, असतील तेवढे. नळ सोड. आता डावीकडून तिसरं बटण, दिवा सगळ्यात खाली येईपर्यंत दाब. मग सुरू कर."

"आज हे काय मध्येच, धाकटे?"

"दाब तर."

पलीकडे पाणी सुटल्याचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात थांबला.

"अगं बाई," अक्का म्हणाली. "एवढंसंच? हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मी तुला काही विचारलंच नव्हतं गं," ताई म्हणाल्या.