छत्तीस बिघ्यांचे नऊ हेक्टर

हितेश्वर दुवराला परदेशातल्या वाचकाची फार काळजी. स्वतः तो एकदाच नऊ महिने इंग्लंडात राहून आला होता. त्या भांडवलावर जोरहाटच्या लोहितपार न्यासात तो पंधरा वर्षं बसून होता, आणि काही निघालं की सांगायचा, “तिकडच्या माणसाला असं चालत नाही.” तिकडच्या माणसाला काय चालतं, हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक.

जुरी बरठाकुर त्याच्या हाताखाली अहवाल लिहायची. म्हणजे गावागावांतून आलेला असमिया मजकूर इंग्रजीत करायची, आणि पैसे देणाऱ्या एडिंबरोच्या संस्थेला समजेल असा नव्यानं मांडायची. काम ती चोख करायची आणि साहेबाला मनातल्या मनात रोज शिव्या द्यायची. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच सरावाच्या झाल्या होत्या.

त्या वर्षीच्या अहवालातलं मुख्य वाक्य होतं दिखारी चापरीचं. नदीच्या पोटातलं हे बेट लोहितनं दोन पावसाळ्यांत गिळलं आणि दोनशे दहा घरं नदीकाठच्या सरकारी बांधावर ताडपत्र्या टाकून राहिली. एडिंबरोच्या पैशांतून त्यांच्यासाठी उंचावरची जमीन घेतली. गावाकडून आलेलं वाक्य साधं होतं: एक कोटी साठ लाख रुपयांत छत्तीस बिघे जमीन मिळाली, तिथे एकशे वीस कुटुंबं बसली, नव्वद अजून बांधावर आहेत. या नव्वदांच्या जमिनीसाठी, आणखी सत्तावीस बिघ्यांसाठी, दुसरा हप्ता मिळवायचा होता. अहवालाचा जीव तेवढ्यात होता.

जुरीनं ते नीट फिरवून लिहिलं. कोटी-लाख तिकडे चालत नाहीत, म्हणून एक कोटी साठ लाखांचे सोळा मिलियन रुपये केले, आणि त्या महिन्याच्या दरानं त्यांचे अंदाजे दीड लाख पौंड, तेही स्वल्पविराम तिकडच्या पद्धतीनं तीन आकड्यांवर टाकून. आसामात साडेसात बिघ्यांचा एक हेक्टर, तेव्हा छत्तीस बिघ्यांचे चार पूर्णांक आठ हेक्टर. मूळ आकडा गोळाबेरजेचा होता, म्हणून उगाच दशांशांचं शेपूट वाढवलं नाही. बिघा हा शब्द एकदा ठेवला आणि शेजारी तो आसामचा आहे असं लिहिलं.

दुवरानं कागद वाचला आणि नाक मुरडलं.

आधीच्या मसुद्यात यानंच कोटीचा मिलियन केला होता. एक पूर्णांक सहा मिलियन रुपये, म्हणजे दहा पटींनी कमी. जुरीनं चूक दाखवली तेव्हा लगेच मान्य केली, कारण त्यात न्यासानं खर्चलेली रक्कम वाढत होती. आकडा वाढवणारी दुरुस्ती त्याला चटकन पटायची. कमी करणारी आजवर एकही पटली नव्हती.

“चार पूर्णांक आठ? वाचणाऱ्याला वाटेल आपण परसबाग घेतली,” तो म्हणाला. मग मोबाइल काढून कुठेतरी बोट फिरवलं आणि उजळलेल्या चेहऱ्यानं सांगितलं की बिघा म्हणजे पाव हेक्टर. छत्तीस बिघे म्हणजे नऊ हेक्टर.

जुरीनं सांगितलं की तो राजस्थानातला बिघा आहे. बंगालचा आपल्याएवढाच, उत्तर प्रदेशात जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा, नेपाळातला तर आपल्या पाचपट. बिघा हे माप नव्हे, त्या त्या प्रांताची सवय आहे. आपली जमीन जोरहाटात आहे, तेव्हा बिघाही इथलाच घ्यावा लागेल.

“बिघा म्हणजे बिघा,” दुवरा म्हणाला. “तू तिकडच्या वाचकाला तलाठी समजतेस की काय? त्याला चित्र दिसायला हवं. लिही, बारा फुटबॉलची मैदानं.”

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. जुरीनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा लेखी दिलं. त्यावर त्यानं लेखी उत्तर दिलं नाही. अहवाल आपल्या मेजावर घेतला, स्वतः वाक्य बदललं आणि पाठवून दिला. वर त्याच वाक्याचं सुंदर चित्र करून मोबाइलवर सगळीकडे फिरवलं: हिरवी जमीन, हसणारी बाई, आणि मोठ्या अक्षरांत नऊ हेक्टर. न्यासातल्या सगळ्यांनी त्याखाली अंगठे टाकले. जुरीनं टाकला नाही, पण त्यानं कोणाचं काय अडतंय.

मार्चमध्ये एडिंबरोचं उत्तर आलं. अभिनंदन भरभरून होतं. त्याखाली चार ओळींत लिहिलं होतं की दुसऱ्या हप्त्याची आता गरज दिसत नाही, तो निधी दुसऱ्या देशाकडे वळवायचा विचार आहे.

दुवराच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तातडीनं बोलणं ठरवलं, आणि तेवढ्यासाठी जुरीला शेजारी बसवलं. पडद्यावर मॅरियन लेस्ली नावाची सत्तरीची बाई आली. ना तिला चित्र हवं होतं, ना मैदानं. तिनं फक्त भागाकार केला होता. प्रत्येक घराला वाटेसकट चारशे चौरस मीटर, हा नियम दुवरानंच सही करून मान्य केलेला. नऊ हेक्टरांत त्या हिशेबानं सव्वादोनशे घरं बसतात. गावात घरं आहेत दोनशे दहा.

“मग ती नव्वद कुटुंबं बांधावर का आहेत?” तिनं विचारलं. “जमीन असताना त्यांना आत का घेतलं नाही?”

परदेशातल्या वाचकाला काही कळत नाही, याच एका श्रद्धेवर दुवराची पंधरा वर्षं निघाली होती. आता तो वाचक समोर बसून गणित घालत होता आणि या शहाण्याला घाम फुटला होता. जुरीला ते बघताना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण पुढच्याच क्षणी त्यानं घसा खाकरला आणि खेदानं मान हलवत म्हणाला, “मॅडम, ही अनुवादातली गफलत आहे. आमच्या अनुवादक इथेच आहेत. त्या सांगतील.”

जुरीच्या अंगाची लाही लाही झाली. तिचं लेखी टिपण तीन खुर्च्यांपलीकडच्या कपाटात होतं. उठून आणलं असतं, तर हा माणूस तिथल्या तिथे उघडा पडला असता. पण मग बोलणं दुवरावर गेलं असतं, न्यासावर गेलं असतं, या लोकांवर विश्वास ठेवावा की नाही त्यावर गेलं असतं. बांधावरच्या नव्वद चुली राहिल्या असत्या बाजूला. तिनं राग गिळला. फार कडू लागला.

“बिघ्याचं माप चुकलं,” ती म्हणाली. “आमचा बिघा लहान आहे. छत्तीस बिघे म्हणजे चार पूर्णांक आठ हेक्टर, आणि तुमच्या नियमानं त्यात एकशे वीसच घरं बसतात. तेवढीच बसली आहेत. नव्वदांना आणखी सत्तावीस बिघे लागतील, म्हणजे तीन पूर्णांक सहा हेक्टर. भागून बघा.”

लेस्लीबाईंनी खरंच भागून बघितलं. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या की हिशेब जुळतो, पण निधी वळवण्याचा ठराव झालेला आहे. नवा ठराव नोव्हेंबरच्या बैठकीत येईल. पैसे त्यानंतर. पावसाळ्याआधी काही करता येईल का, हे जुरीनं दोनदा विचारलं. येणार नव्हतं.

बोलणं संपल्यावर दुवरानं हात चोळले. “मिळाले ना शेवटी? वर्षाचाच काय तो उशीर. तू छान सांभाळलंस हं.”

“बांधावर कोण सांगणार?” जुरीनं विचारलं.

“तूच जा. तुझं ऐकतात ते.”

“वाक्य तुम्ही लिहिलंत, सर. तुम्ही चला. मी बरोबर येते.”

हे तिनं अशा आवाजात सांगितलं, की तो आला.

बांधावर बिहूआधीचं वारं सुटलं होतं आणि ताडपत्र्या फडफडत होत्या. खाली नदी सुस्त पडली होती, पण जूनमध्ये ती कुठवर येते ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या पावसात दोन ताडपत्र्यांच्या मधून पाणी गेलं आणि कुटुम यांच्या घरातली म्हातारी त्या ओलीनं ताप येऊन गेली होती. लोक जमले. दुवराला प्लास्टिकची खुर्ची दिली, लाल चहा दिला. त्यानं तांत्रिक अडचण, प्रशासकीय प्रक्रिया असले शब्द वापरत, यंदाचा पावसाळाही इथेच काढावा लागेल हे कसंबसं सांगून टाकलं.

 बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक तरुण बाप खाली उतरून नदीकडे तोंड करून उभा राहिला. मग रूपेश्वरी ताईद पुढे आली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि नव्वदांपैकीच एक होती. तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता.

“दादा, एक विचारू? तुमच्या न्यासाचं ते चित्र आमच्या मोबाइलवर आलं. नऊ हेक्टर घेतले म्हणून.”

दुवरानं मान डोलावली. काय येतंय ते त्याला अजून कळलं नव्हतं.

“साडेसात बिघ्यांचा हेक्टर, म्हणजे सदुसष्टच्या वर बिघे झाले,” ती म्हणाली. “आमच्या माणसांना छत्तीस मिळाले. आम्हाला तर सत्तावीसच हवेत. मग उरलेले एकतीस बिघे कोणाच्या नावावर आहेत, दादा?”

 समोरच्या सत्तर-ऐंशी चेहऱ्यांवर एकच अर्थ होता, आणि तो दुवरानं वाचला. या लोकांना चूक दिसत नव्हती. चोरी दिसत होती. आणि का दिसू नये? आजवर ज्यांनी ज्यांनी त्यांच्या नावानं आकडे फुगवले, त्यांनी त्यात खाल्लंच होतं.

“तसं नाही,” तो चाचरत म्हणाला. “तो बिघा... म्हणजे इथला बिघा नव्हे तो. तिकडचा... म्हणजे राजस्थानचा...”

“आमची जमीन राजस्थानात घेतलीत?” मागून एक म्हातारा म्हणाला. कोणी हसलं नाही.

 दुवरानं चहाचा पेला खुर्चीखाली ठेवला आणि जुरीकडे वळून हलकेच म्हणाला, “सांग ना जरा. अनुवादात कसं झालं ते.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. “ताई, तुम्ही सांगा,” रूपेश्वरी म्हणाली.

एडिंबरोच्या बाईसमोर जुरीनं या माणसाला पाठीशी घातलं होतं, कारण तेव्हा या लोकांची जमीन पणाला लागली होती. आता त्यांना द्यायला तिच्याजवळ जमीन नव्हती, आणि पाऊस कोणासाठी थांबणार नव्हता. इथे वाचवण्यासारखा उरला होता तो फक्त हितेश्वर दुवरा.

“छत्तीस बिघेच घेतले,” ती लोकांना म्हणाली. “त्यातला एक बिघाही कोणी खाल्लेला नाही, हे मी सांगते. पण नऊ हेक्टर हे यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, मी नको म्हणत असताना. ते वाचून पैसेवाल्यांना वाटलं, तुम्हाला जागा मिळाली. म्हणून तुम्ही यंदा इथे राहणार.”

मग ती बाजूला झाली आणि दुवराला म्हणाली, “का लिहिलंत, ते आता तुम्ही सांगा, सर. इथे अनुवाद लागत नाही.”