वीस बाटल्यांचा फरक

बाबा जानेवारीत गेले. मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही दुकानातला माल मोजायला घेतला. आईची इच्छा नव्हती. हट्ट माझा होता.

आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत, पुण्याच्या नव्हे, आमचं घर वर आणि दुकान खाली आहे. जनावरांच्या औषधांचा ठोक धंदा. मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोटकडची दुकानं आमच्याकडून माल नेतात. पंधरवड्यापूर्वी आईनं मला पुण्याहून बोलावून एक कागद समोर ठेवला. वकिलानं तयार केलेला भागीदारीचा मसुदा होता तो. आईच्या नावाखाली सोनालीचं नाव होतं आणि खाली माझ्या सहीसाठी मोकळी जागा.

"तू काही पुण्याची कॉलेजातली नोकरी सोडून येणार नाहीस," आई म्हणाली. "मला बिलांतलं कळत नाही. अकरा वर्षं तीच बघतेय. औषधाच्या परवान्यावर जाणकार म्हणूनही तिचंच नाव आहे."

"आधी माल मोजू," मी म्हटलं. "पुस्तकात किती आणि फडताळात किती, ते कळू दे. मग सही करते."

रास्त वाटावं असंच बोलले होते. सोनाली तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मोजूया की ताई. काका पण दर मार्चला मोजायचेच."

सोनाली मंगळवेढ्याकडची. वडील बिरुदेव मेंढरं राखतात. पदवी झाल्या झाल्या ती आमच्याकडे कामाला आली. तिला मी फारशी ओळखत नव्हते, पण तिच्याबद्दल ऐकून होते. बाबांचा फोन चार मिनिटांचा असायचा. "बरी आहेस ना? परीक्षा कधी संपतायत?" उरलेली दोन मिनिटं सोनालीची. आज सोनालीनं अमुक पकडलं, सोनाली म्हणाली तमुक. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात पोचले, तेव्हा गोळ्यांच्या वेळा नर्सनं मला विचारल्या नाहीत. तिला विचारल्या.

मोजणीची पद्धत बाबांची. शनिवारी संध्याकाळी शेवटचं बिल झालं की मोजणी संपेपर्यंत आत-बाहेर काही करायचं नाही. मोजणाऱ्याला पुस्तकातला आकडा दाखवायचा नाही, नाहीतर डोळे तोच आकडा शोधतात. प्रत्येक खोका मोजला की त्यावर खडूनं तिरकी रेघ आणि नगांचा आकडा. म्हणजे काही दोनदा मोजलं जात नाही आणि काही सुटत नाही. मोजणी मी करून चिठ्ठ्यांवर आकडे लिहायचे, पुस्तकाशी ताळा सोनालीनं लावायचा. हेही मीच ठरवलं होतं.

सकाळी सोनाली पाणी आणायला वर गेली तेव्हा मी तफावतीची वही उघडली. लांब, हिरव्या पुठ्ठ्याची. रकाने पाच: माल, पुस्तकी, मोजलेला, फरक, कारण. सुरुवातीची सगळी पानं बाबांच्या अक्षरात. मग एका पानापासून दोन अक्षरं, आलटून पालटून. एका ओळीत बाबांनी लिहिलं होतं: "अर्ध्या लिटरच्या जागी लिटरचं बिल. बिल करणारीस ताप होता." त्याखाली सोनालीच्या अक्षरात: "ताप नव्हता, झोप होती." पुढं कुठंतरी खनिज मिश्रणाच्या एका पिशवीपुढं "उंदीर" आणि कुरतडलेल्या पिशवीचा तुकडा टाचणीनं लावलेला. शेजारी बाबा: "साक्षीदार हजर."

माझे वडील विनोदी होते हे मला त्या वहीत कळलं. बेचाळिसाव्या वर्षी. मी वही मिटून जागेवर ठेवली.

खालचा माल दुपारपर्यंत झाला. मग मी शिडी लावून माळ्यावर गेले. जंताच्या औषधाच्या लिटरच्या बाटल्या तिथं असतात. वीस-वीसचे खोके, एक फुटका. खडू बोटांत होता. एक खोका, दुसरा, मग फुटक्यातल्या तीन बाटल्या. भिंतीकडे आणखी एक खोका होता. तोही बोट लावून पाहिला, सीलबंद, वीस. एकूण त्रेसष्ट.

खालून सोनालीचा आवाज येत होता. ती आईला सांगत होती, "काकू, पेपरवाल्यानं कालचा दिला न्हाय बघा. काकांनी तर भांडून घेतला असता." आई हसली. जानेवारीपासून आई माझ्यासमोर हसली नव्हती.

मी चिठ्ठीवर त्रेचाळीस लिहिलं. खनिज मिश्रणाच्या दोन पिशव्या ओढून भिंतीकडच्या खोक्यापुढं घेतल्या आणि खाली उतरले. फार वेळ लागला नाही.

चारच्या सुमारास सोनालीनं माझ्या चिठ्ठ्या पुस्तकाशी लावल्या. फरक सहा ठिकाणी निघाला.

"ह्या गोळ्या बघा," ती म्हणाली. "पुस्तकात दोनशे चाळीस, तुमी लिवल्यात चोवीस."

"चोवीसच आहेत."

"डबे चोवीस. पुस्तक पाकिटं मोजतं ताई. डब्यात दहा पाकिटं." ती हसली. "पहिल्या वर्षी मी पण हेच केलतं. काका म्हणले, सोने, तुझ्या हिशेबानं बाराशे मेंढरांची एकशेवीस मेंढरं होतील, बापाला सांगू नकोस."

माझं नाव असं लाडानं तोडून मला तो कधी 'निवे' म्हणाला नव्हता, माझा बाप.

जखमेवरचा फवारा पाच नग जास्त. तिनं खरेदीचं बिल काढलं. पन्नासावर पाच फुकट आले होते, ते चढवायचे राहिले होते. कॅल्शियमची लिटरची बाटली सहा जास्त, अर्ध्या लिटरची सहा कमी. "एकाच औषधाच्या दोन मापांत फरक आणि आकडा सारखा, म्हणजे दोघं भाऊभाऊ," ती म्हणाली आणि मंगळवेढ्याच्या दुकानाचा फोनवरचा निरोप शोधला. मागणी अर्ध्या लिटरची, माल गेला अर्ध्या लिटरचा, बिल झालं लिटरचं. मलमाच्या आठ नळ्या कमी. त्या मुदत संपलेल्या मालाच्या पेटीत निघाल्या. कंपनीला परत जायच्या होत्या, म्हणून मी ती पेटी मोजलीच नव्हती.

पाचवा फरक टॉनिकच्या चार बाटल्यांचा. कागदात काही सापडेना. मग सोनालीनं उठून भिंतीवरचं गेल्या वर्षाचं कॅलेंडर उतरवलं. ते कुणी काढलंच नव्हतं. डिसेंबरच्या पानावर एका चौकटीत बाबांचं अक्षर होतं, जरा कापरं: "शिबिर. टॉनिक ४ दिल्या."

"मेंढ्यांचं शिबिर हुतं अक्कलकोटला," ती म्हणाली. "घाईत असले की हितंच लिवायचे."

मी ते अक्षर बघत राहिले. पंधरा दिवस मी त्याच भिंतीसमोर बसत होते. ते तिला सापडलं होतं.

तिनं वहीत कारण लिहिलं: "नमुना दिला, नोंद राहिली."

"कुणी दिला ते नाही लिहीत?" मी विचारलं.

"न्हाय. कारणाच्या रकान्यात माणूस लिवायचा नसतो, काय झालं ते लिवायचं. नाव लिवलं की माणसं फरक लपवायला लागत्यात. काकांचंच म्हणणं."

राहिला सहावा. जंताचं औषध, लिटर. पुस्तकी त्रेसष्ट, मोजलेला त्रेचाळीस, फरक उणे वीस.

आई चहा घेऊन आली होती. तिनं आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "वीस बाटल्या?"

"तेच म्हणत होते मी," मी म्हटलं. आवाज माझा होता, पण बरोबर लागला नव्हता.

सोनाली रागावेल, रडेल, काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तिनं कपातला चहा निम्मा प्यायला.

"काकू, एकेक करून गेलेला माल सतरा दिसतो, एकोणीस दिसतो. बरोब्बर वीस म्हणजे अख्खा खोका. एक तर खरेदी दोनदा चढली, न्हायतर खोका बिलाशिवाय गेला, न्हायतर मोजायचा राहिला."

तिनं खरेदी पाहिली. एकदाच चढली होती. गेल्या दोन महिन्यांतल्या पाठवणीच्या पावत्या बिलांशी लावल्या. सगळ्या जुळल्या. मग तिनं शिडी ओढली.

"मी पाहिलंय वर," मी म्हटलं.

"व्हय. पण ज्यानं मोजलं त्यानं परत मोजायचं नसतं. शिडी धरता का जरा?"

मी शिडी धरली. वर पिशव्या सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी तिच्या चपला बघत होते, शिडीच्या पायाशी शेजारी शेजारी काढलेल्या.

"घावला का?" आईनं विचारलं.

"घावला. राहिलेला दिसतोय." मग ती हळू म्हणाली, "ताई, जरा वर येता?"

मी चढले. माळ्यावर आम्ही दोघी गुडघ्यांवर, डोकी वाकवून. तिनं खोक्याची कड माझ्याकडे वळवली. त्यावर खडूची तिरकी रेघ होती आणि खाली '२०'. मराठी आकडा, दोनाची शेपटी लांब ओढलेली, बाबा ओढायचे तशी. सोनाली इंग्रजी आकडे लिहिते.

ती खूण मी कधी केली ते मला आठवत नाही. शाळेच्या सुट्ट्यांत बाबा मला ह्याच माळ्यावर चढवायचे, मी लहान आणि हलकी म्हणून. "मोजलं की खूण. खूण केल्याशिवाय हात उचलायचा नाही." मी विसरले होते. हात विसरला नव्हता.

"ही खूण तुमची हाय," सोनाली म्हणाली. "म्हंजे हा मोजलेला हाय."

मी त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"काकूंना मी राहिला म्हणून सांगितलंय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "अकरा वर्षांत एक गोळी न्हेली न्हाय मी हितनं. आमच्या मेंढरांसाठी पण बिल करून न्हेते. तुमाला ठावं नसंल."

"नव्हतं ठाऊक."

"काका तुमची लई वाट बघायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, तिचा आकडा परत तपासावा लागत नाही. मला लई राग यायचा तुमचा."

खाली आल्यावर तिनं वही माझ्यापुढं सरकवली. सहाव्या ओळीत चार रकाने भरलेले, पाचवा कोरा. पेन वहीवर ठेवलं.

'मोजायचा राहिला' असं लिहिता आलं असतं. आईला तेच सांगून झालं होतं. मी वर पाचव्या ओळीकडे पाहिलं, बाबांच्या चुकीकडे. काय झालं ते लिहायचं. मी लिहिलं: "मोजला, चिठ्ठीत लिहिला नाही. पुस्तक बरोबर." शेजारी मोजणाऱ्याची सही केली.

आईनं चष्मा लावून ते वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग चष्मा उतरवून वही माझ्याकडे परत सरकवली.

"कागद दे," मी म्हटलं.

आई मसुदा आणायला वर गेली. सोनालीनं डबे आणि पाकिटांची ओळ दुरुस्त केली, पाच फवारे चढवले, सहा बाटल्या इकडच्या तिकडे केल्या. मग मान वर न करता म्हणाली, "पुढच्या मार्चला येणार का मोजायला?"

"तू मोजशील की."

"मी बिलं करते. बिल करणाऱ्यानं मोजायचं नसतं."

मला अजूनही तिचा हेवा वाटतो. त्या वहीतल्या दोन अक्षरांच्या पानांचा तर फारच. पण मी हो म्हटलं, आणि हाताला लागलेला खडू पदराला पुसून सही करायला बसले.