आईची सीट

काल रंजनाबाईंच्या डाव्या मांडीवर फोड उठला. लकव्याने ती बाजू बधिर झालेली, त्यामुळे त्यांना कळलंही नाही. दवाखान्याबाहेर तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत मुलाने, धर्मेंद्रने, त्यांना बसवलं होतं. काळी सीट कव्हरं महिन्यापूर्वीच घातलेली.

आज तो नंदुरबारला ती कव्हरं घालून देणाऱ्या रिषभच्या दुकानात भांडायला आला.

"शेठ, मायनी मांडी पोळनी! मी लेदर मांगेल व्हतं! तू रेक्झिन टाकी दिन्हं!"

"आम्ही जैन, भाऊ. दुकानात चामडं येत नाही. आमच्याकडे लेदर म्हणजे रेक्झिनच."

"मंग खरं कोठे भेटी?"

"भेटेल सुरतला. पण तेही उन्हात तापतं, वर सुकून तडकतं. फिकं कापड घे. मळेल, धुवावं लागेल, पण असा चटका देत नाही. तरी आईला बसवण्याआधी हात लावून बघ."

धर्मेंद्रने बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. काल स्वतःची सीट पोळली तेव्हा तो शिव्या देत उठला होता. शेजारी आई शांत बसलेली. त्याला वाटलं होतं, तिच्या बाजूला सावली असेल.

"कापड टाक," तो म्हणाला. "पहिले मायनी सीटले."